विराणी लिहायची तर किती आवरून लिहायची? (साधक आणि प्रियकराचं रूपक)

आषाढमेघ
मंडळी, एक अडचण आहे, जाणकारांनी सांगावं. मी विराणीच्या वळणाच्या कविता लिहितो, म्हणजे बोलणारी 'ती' आणि ज्याच्यासाठी झुरते तो देव. आता मी पुरुष असून 'ती' होऊन लिहितो यात नवीन काही नाही, ही वाट जुनीच आहे. तर एका अंकाकडे कविता पाठवली. संपादकांचा फोन आला, म्हणाले कविता छान आहे, शृंगाराच्या विभागात घेऊ ना? मी म्हटलं अहो ती भक्तीची आहे. तर म्हणाले, "असं कवितेत कुठे आहे ते दाखवा." मला दाखवता येईना म्हणून जरा राग आला, मग विचारात पडलो. कविता ही अशी:

दार लोटलेले, दिवा मंद केला
वाट पाहताना श्वास जड झाला
तुझ्या स्पर्शासाठी अंग अंग जागे
ओठांवर नाव तुझे येऊ लागे
मिठीत घे आता, नको दूर राहू
रात्र सरेल ही, किती वाट पाहू

प्रश्न असा की स्पर्श, ओठ, मिठी हे काढून टाकू का? की तळाशी टीप देऊ? संतांनीही हे सगळं लिहिलंच आहे, त्यांना कुणी विचारत नाही, मग मलाच का?

तिरकस
सोपं आहे. शीर्षक द्या 'हे पांडुरंगा'. पुढचं वाचणारा बघून घेईल. खिक्क.

धुकं
छान कविता! मीही अशा लिहितो पण तिला पाठवायचं धाडस होत नाही. तुम्ही कसं सांगितलंत तिला?

तिरकस
@धुकं, संपादकांचं म्हणणं सिद्ध केल्याबद्दल आभार.

निमाताई
मी भजनात गाते, कविता वगैरे लिहीत नाही, पण एक सांगते. गौळण आमच्यात कुणी उठून पहिली म्हणत नाही. आधी जयघोष, मग रूपाचे अभंग, मग बाकीचे होतात, आणि सगळे चांगले रंगले की मग गौळण. तोपर्यंत ऐकणाऱ्यांच्या मनात विठ्ठल येऊन उभा राहिलेला असतो, त्यामुळे 'वाट अडवली', 'पदर धरला' असं काहीही आलं तरी कुणाच्या मनात वेडंवाकडं येत नाही. तीच गौळण कुठल्या समारंभात सुटी म्हणायला लावली की लोक शिट्ट्या मारतात. शब्द तेच, गाणारी तीच. म्हणून मला वाटतं कविता कुठे छापली जाते त्यावर बरंच असतं. तुमची एकटी कविता अंकात आली की तिच्या आधी कुणी नसतं ना.

आषाढमेघ
निमाताई, हे फार मोलाचं सांगितलंत. पण मग एकट्या कवितेने करायचं काय?

चकवा
मुळात हे रूपक आपलं नाहीच, सगळं सूफींकडून आलंय. त्यांच्याकडे ठरलेलं असतं, झुलपं म्हणजे हे, तीळ म्हणजे ते, साकी म्हणजे गुरू, मद्य म्हणजे प्रेमाची धुंदी. एकदा कोश पाठ केला की गैरसमजाला जागाच नाही. आपल्याकडे असा कोश नाही म्हणून घोटाळा होतो. आषाढमेघ, तुम्ही पुस्तकाच्या मागे कोश द्या, दार म्हणजे देह, दिवा म्हणजे बुद्धी, संपलं.

कोरडा_ठणठणीत
चकवा, अर्धं बरोबर अर्धं नाही. कोशाचं खरं आहे. शबिस्तरी या सूफी कवीने १३१७ च्या सुमारास फारसीत 'गुलशन-ए-राज़' लिहिलं, कुणीतरी पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरं म्हणून, आणि त्यात डोळा, ओठ, बटा, तीळ म्हणजे नक्की काय असं विचारलेलं आहे. म्हणजे बघा, तेव्हाच्या जाणत्या वाचकालाही विचारावं लागत होतं. पण 'सगळं सूफींकडून' हे काही खरं नाही. तमिळमधली आंडाळ विष्णूला नवरा मानून गाते ती ज्ञानेश्वरांच्या कितीतरी आधी, तिकडचे विष्णुभक्त संतकवी म्हणजे आळवार, त्यांच्यातले पुरुषही नायिका होऊन गातात. ज्यूंच्या धर्मग्रंथातलं सॉलोमनचं गीत तर त्याहून जुनं. हे रूपक ज्याला त्याला आपापल्या घरी सापडलेलं आहे.

आता कोशाची गोष्ट. त्यात काय गडबड होते त्याचं सगळ्यात नामी उदाहरण इब्न अरबीचं आहे. हा एवढा मोठा तत्त्वज्ञ, १२०२ च्या सुमारास मक्केला गेला, तिथे एका विद्वानाकडे शिकत होता, त्या विद्वानाची मुलगी निझाम. अतिशय बुद्धिमान आणि देखणी. तिला समोर ठेवून त्याने अरबी प्रेमकाव्याच्या जुन्या थाटात कवितांचा अख्खा संग्रह केला, 'तर्जुमान अल-अश्वाक'. झालं. अलेप्पोच्या धर्मशास्त्र्यांनी बोलायला सुरुवात केली की हा साध्या प्रेमकविता लिहितो आणि साधुत्वाला बट्टा लागू नये म्हणून अध्यात्माचं पांघरूण घालतो. हे ऐकून त्याच्या दोन शिष्यांनी गळ घातली आणि त्याने स्वतःच आपल्या कवितांवर ओळीओळीचं भाष्य लिहिलं. ही उंटिणी म्हणजे अमुक, हा विजेचा लखलखाट म्हणजे तमुक. ते भाष्य त्या शास्त्र्यांसमोर वाचून दाखवलं आणि त्यांनी आक्षेप मागे घेतला, असं तो स्वतःच प्रस्तावनेत सांगतो.

म्हणजे टीप दिल्याने खटला मिटला. पण आज कुणी ते भाष्य हातात धरून त्या कविता वाचत बसला तर त्याला दर ओळीला दोन कविता वाचाव्या लागतात, आणि दुसरी कविता बहुतेक वेळा पहिलीहून कोरडी असते (कोरडेपणाबद्दल माझ्याइतकं कोण बोलणार). म्हणून आषाढमेघ, टीप हा शेवटचा उपाय. आधी बघा कवितेच्या आतच काही करता येतं का. आपल्याकडच्यांनी ते आत केलेलं आहे. सविस्तर रात्री लिहितो.

तिरकस
रात्री लिहितो म्हणजे धागा आता शंभरी गाठणार. खुर्च्या धरा.

शेवंता
कोरडा येईपर्यंत माझं एक. आषाढमेघ विचारतात 'मलाच का', मला तर हसू आलं. तुम्हाला निदान 'कविता शृंगारिक आहे' एवढंच ऐकावं लागलं. मी अशी एक कविता एका बैठकीत वाचली तर कवितेबद्दल कुणी बोललंच नाही, माझं वय, लग्न, घरचं सगळं ठीक आहे ना इथवर चौकशी गेली. पुरुष 'ती' होऊन लिहितो तेव्हा सगळ्यांना माहीत असतं की हे सोंग आहे, म्हणजे रूपक आहे हे आधीच कळलेलं असतं. बाई लिहिते तेव्हा 'मी' म्हणजे तीच. तेव्हा संयम संयम जो म्हणतात त्याचा सगळा भार कुणावर येतो ते बघा.

आणि म्हणूनच मला कान्होपात्रेचं फार वाटतं. गणिकेच्या घरात जन्मलेली, बादशहाचं बोलावणं आलेलं. तिने 'प्रियकरा ये' म्हटलं असतं तर लोकांनी काय वाचलं असतं ते सांगायला नको. ती काय म्हणते, 'हरिणीचें पाडस व्याघ्रें धरियेलें, मजलागीं जाहलें तैसें देवा'. आणि पुढे 'धावे हो जननी विठाबाई'. आई केलंय तिने त्याला! शेवटी हृदयाशी घे म्हणतेच, पण तोवर तो आई झालेला आहे, त्यामुळे ते हृदयाशी घेणं कुणाला वाकडं वाचताच येत नाही. रूपक कुठलं घ्यायचं हेच तिने ठरवलं. सगळ्यांनी प्रियकरच घ्यायला पाहिजे असं कुठे आहे?

निमाताई
शेवंता, 'नको देवराया' म्हणताना तिथे माझा आवाज नेहमी कापतो. पण हे आई केल्याचं कधी लक्षात आलं नव्हतं गं.

चकवा
पण मग जनाबाई? 'मी झालें येसवा', म्हणजे वेश्या झाले, म्हणते की ती सरळ. तिने कुठे आई केलं? आणि तीही बाईच, वर दासी.

शेवंता
चकवा, चांगला मुद्दा, याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. जनाबाई माझ्याहून धीट होती एवढंच म्हणते.

कोरडा_ठणठणीत
आलो. जनाबाईपासूनच सुरू करतो कारण ती मला हवं तेच दाखवते. पदर खांद्यावर आलाय, भरल्या बाजारात जाईन म्हणते, आता हे ऐकून कुणालाही कोठीवरची बाई दिसावी. पण तिच्या हातात काय आहे? टाळ. खांद्यावर? वीणा. म्हणजे चित्र पुरं व्हायच्या आतच ते कीर्तनाचं चित्र होतं. शेवटी ती जो शब्द वापरते त्याने धक्का बसतो, पण गैरसमज होत नाही, कारण तोपर्यंत तो शब्द नेहमीच्या अर्थाने लागू पडूच शकत नाही.

माझं म्हणणं असं की गैरसमज धीट शब्दांनी होत नाही. कवितेत एक जागा अशी लागते जिथे माणसाच्या प्रेमाचं वाचन पुढे जाऊच शकत नाही, अडखळतं. ती जागा असली की आधी काय वाटेल ते लिहा. नसली तर कितीही सोवळं लिहा, वाचणारा आपलं वाचायचं तेच वाचणार.

ज्ञानेश्वरांचा 'कानडा विठ्ठलु' घ्या. सुरुवात कशी, कांती झळकतेय, त्याने वेध लावलाय, तो डोक्यावरून खोळ घेऊन लांबून खुणा करतो, हाक मारली तर ओ देत नाही. हे सगळं कुठल्याही चोरट्या प्रेमाला लागू आहे. मग भेट येते. 'पाया पडूं गेलें तंव पाउलचि न दिसे'. पाया पडायला वाकली तर पाऊलच नाही. तो समोर आहे की पाठमोरा तेही कळत नाही. इथे पहिली ठेच. मग पुढचं कडवं, ज्यात मिठीच आहे, आषाढमेघ, तुमची मिठी:

'क्षेमालागीं मन उतावीळ माझें, म्हणवोनी स्फुरताती बाहो, क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली'

बाहू स्फुरतात हे पूर्ण देहाचं आहे, काही झाकलेलं नाही. पण मिठी घालायला जाते तर मी एकटीच. आणि हे 'तो आला नाही' असं एकटेपण नाही हो, तो तर समोर उभा होता. मिठीत दुसरं कुणी उरलंच नाही. आता हे माणसाबद्दल आहे असं धरून वाचून बघा. होतच नाही. अद्वैत हा शब्द न वापरता अद्वैत सांगून झालं.

'घनु वाजे घुणघुणा'मध्ये हेच. चंदनाची चोळी अंग पोळते, फुलांची शेज आगीसारखी, म्हणजे विरहाचं जेवढं म्हणून जुनं सामान आहे ते सगळं आणलंय. आणि शेवटी आरशात पाहते तर आपलंच रूप दिसत नाही. प्रेमात पडलेली मुलगी आरशात स्वतःला जास्तच बघते, तिला रूप न दिसणं हे वेगळ्याच प्रांतातलं आहे.

आणि अजून एक गंमत, जी रोज कानावर पडून आपण विसरतो. नाममुद्रा. 'बाप रखुमादेविवरु'. ज्याच्यासाठी ही एवढी झुरतेय त्याला शेवटी म्हणते काय, बाप, आणि रखुमादेवीचा नवरा! दुसऱ्या बाईचा नवरा आणि वर माझा बाप. प्रियकराच्या वाचनाला दोन बाजूंनी कुलूप. तुमच्या कवितेत मुद्रा नाही, देवाचं नाव नाही, ठेच लागेल अशी एकही ओळ नाही. संपादकांनी विचारलं ते रास्तच होतं, राग मानू नका.

तिरकस
ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांचीही नावं रुक्मिणी-विठ्ठल. म्हणजे तो 'बाप' खरा बापही असू शकतो. कुलूप तिसरं.

ऐनवेळी
अभंगवाले ज्ञानेश्वर आणि ज्ञानेश्वरीवाले ज्ञानेश्वर वेगळे असा एक जुना वाद आहे, तो आधी मिटवल्याशिवाय 'ज्ञानेश्वरांनी असं केलं' म्हणणं चुकीचं आहे. भाषा बघा दोन्हींची, एक म्हणायला मन धजत नाही. हे माझं शेवटचं पोस्ट.

कोरडा_ठणठणीत
ऐनवेळी, तो वाद वेगळ्या धाग्यावर घालू, मी हजर राहीन. इथे अभंग कुणीही लिहिलेला असो, त्यात मिठी कशी हाताळली एवढंच बघतोय.

आषाढमेघ
कोरडा, पटलं आणि थोडं टोचलंही. पण एक विचारतो. तुकोबांच्या विराण्या आहेत त्यात तर ही ठेच नाही. 'आधिल्या भ्रतारें काम नव्हे पुरा, म्हणोनि व्यभिचारा टेकलियें'. हे तर सुरुवातीलाच सरळ व्यभिचार. कुठेय संयम?

कोरडा_ठणठणीत
तीन कडव्यांचा तर अभंग, पुरता बघू. पहिलं तुम्ही दिलंत. दुसऱ्यात रात्रंदिवस मला तो जवळ पाहिजे, क्षणभर त्याच्यावेगळं करमत नाही. तिसऱ्यात माझं नावगाव, माझी आशा सोडा आता, 'रातलें अनंता'. यात देह कुठे आहे ते शोधून दाखवा. काम पुरत नाही म्हणते, पण त्याचं वर्णन नाही, स्पर्श नाही, डोळा नाही, ओठ नाही, केस नाहीत, काहीच नाही. तुकोबांनी उधळली ती अब्रू. 'म्हणोत शिंदळी' असंही म्हणतात दुसरीकडे. धीटपणा सगळा लोकांसमोरचा, आणि आतल्या खोलीबद्दल अवाक्षर नाही. शिवाय ज्याच्यावर रतली त्याचं नाव अनंत. ज्याला अंत नाही त्याच्याशी व्यभिचार करायचा कसा! ठेच आहे, फक्त शेवटच्या शब्दावर ठेवलीय.

तुमच्या कवितेत नेमकं उलट झालंय. अब्रूचं काही पणाला नाही, दार लोटून घेतलंय, कुणी बघत नाही, आणि सगळी ताकद स्पर्श-ओठ-मिठी यावर खर्च केलीय.

शेवंता
हे आवडलं, पण कोरडा, तुमचा नियम फार गुळगुळीत होतोय असं वाटतं. विरह हवा तेवढा लिहा, मिठी आली की तिथे कुणीतरी नाहीसं करा. मग गीतगोविंदाचं काय? जयदेवाने भेट पूर्ण लिहिलीय, कुणी नाहीसं झालेलं नाही, रात्र सरल्यावर राधेचा विस्कटलेला साजही कृष्णाने सावरलाय. आणि ते पुरीच्या जगन्नाथाच्या मंदिरात गातात. तिथे तुमची ठेच कुठे?

कोरडा_ठणठणीत
शेवंता, तिथे माझा नियम थिटा पडतो हे कबूल. एवढाच फरक दाखवतो की जयदेव 'मी' म्हणून मिठीत नाही. राधा आहे, कृष्ण आहे, सखी आहे, कवी बाहेर उभा राहून गातो आणि पहिल्याच सर्गात सांगतो की हरिस्मरणात मन रमत असेल तर ऐक, आणि विलासकलांचं कुतूहल असेल तरी ऐक. दोन्ही वाचकांना त्याने दारातच घेतलं! 'मी'ने लिहिणाऱ्याला ती सोय नाही. पण याने सगळं उत्तर झालं असं मी म्हणत नाही.

शेवंता
झालंच नाही. कारण कृष्णभक्तांच्या परंपरांतही अधिकार पाहून मगच हे रस उघडावेत असं म्हणतात ना, म्हणजे त्यांनाही भीती होतीच. निमाताई म्हणाल्या तेच, आधी रूपाचे अभंग. कवितेच्या आत सगळं बसत नाही, काहीतरी बाहेर लागतंच.

चकवा
म्हणजे कोश! मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

तिरकस
चकवाला कोणीतरी एक साकी द्या. म्हणजे गुरू हो.

आषाढमेघ
दोन दिवस कविता घेऊन बसलो. सगळं काढून टाकलं आणि हे राहिलं:

दार लोटलेले, दिवा मंद केला
वाट पाहताना श्वास जड झाला
दार उघडाया उठले, कळेना
आत मी की दारी, मला मी मिळेना

मिठी गेली, ओठ गेले. देवाचं नाव मुद्दाम घातलं नाही, कारण आपल्या काळात नाव घातलं की ते चिकटवल्यासारखं दिसतं असं माझं मत. कसं वाटतं?

निमाताई
वा! चाल लावू का?

कोरडा_ठणठणीत
पहिल्याहून खूपच बरी. आता संपादकांना दाखवायला ओळ आहे. दोन गोष्टी खटकतात. एक, शेवटची ओळ 'मीचि मी एकली'च्या सावलीत उभी आहे, जाणकार लगेच ओळखेल. सावलीत उभं राहायला हरकत नाही, सगळेच राहतात, पण तुमचं स्वतःचं त्यात 'दार' आहे, ते अजून वापरा. आत कोण बाहेर कोण हे कळत नाही म्हणता, मग दार लोटलं कुणी होतं? तो प्रश्न कवितेला विचारू द्या. दुसरं, शेवटच्या दोन ओळी एकदम डोक्याने लिहिल्यासारख्या झाल्यात.

शेवंता
दुसरं जे म्हणालात त्याचं कारण मी सांगते. देह काढून टाकलाय म्हणून. पहिल्या कवितेत 'तुझ्या स्पर्शासाठी अंग अंग जागे' ही ओळ चांगली होती हो! ती परत घाला. आता शेवटी ठेच आहे ना, मग ती ओळ त्या ठेचेच्या आधी बसली की दोन्ही जड होतील. अंग अंग जागं झालेलं असतं आणि उठून दाराशी जाते तर स्वतःच सापडत नाही. आत्ता जे आहे त्यात हरवण्यासारखं कुणी नाहीच, नुसता श्वास आहे. बाहू स्फुरले म्हणून तर तिथे 'एकली' लागतं ना. संयमाच्या नावाखाली सगळं धुऊन टाकलंत तर लोक चुकीचं वाचणार नाहीत हे खरं, पण वाचणारच नाहीत.

आषाढमेघ
शेवंता, ती ओळ परत घातली तर संपादक पुन्हा तेच म्हणतील अशी धास्ती वाटते.

शेवंता
म्हणू देत. आता तुम्हाला ओळ दाखवता येईल. आणि 'ओठांवर नाव' मात्र परत घालू नका, ती सिनेमातली आहे, देवाच्या किंवा माणसाच्या कुणाच्याच प्रेमाची नाही.

कोरडा_ठणठणीत
शेवंतांना अनुमोदन. स्पर्शाची ओळ मीही घेईन. 'तुझ्या' ठेवायचं का यावर मात्र माझं मत वेगळं. 'तुझ्या' म्हटलं की समोर कुणीतरी बसलेला होतो आणि मग 'मला मी मिळेना'ला तो आड येतो. विराणीत ती बहुतेक सखीशी बोलते, कावळ्याशी बोलते, बायांना सांगते, त्याच्याबद्दल 'तो' म्हणून. थेट 'ये, मला घे' म्हटलं की कविता प्रेमपत्र व्हायला लागते. वर धुकं यांची प्रतिक्रिया बघा, त्यांना पत्रच वाटलं, आणि त्यात त्यांची चूक नाही.

धुकं
मी सगळा धागा वाचला. आता मला माझ्याच कवितांची शंका येतेय, त्या नक्की कुणाला आहेत म्हणून.

तिरकस
@धुकं, पाठवू नका अजून. थांबा थोडे.

आषाढमेघ
'तुझ्या' काढायला मन होत नाहीये. निमाताईंच्या 'वाट अडवली'मध्येही तो समोरच असतो की. बघतो. दोन्ही खर्डे ठेवतो.

निमाताई
कोरडा, मला तुम्हाला एक विचारायचंय, कवितेचं नाही, गाण्याचं. कार्यक्रमात आम्हाला वेळ मोजून देतात. 'घनु वाजे' पूर्ण म्हणायला मिळत नाही, मग आम्ही पहिली तीन कडवी म्हणतो आणि ध्रुपदावर सोडून देतो. तुमचं वाचून लक्षात आलं की आरशाचं कडवं तर शेवटी आहे, ते कधी म्हटलंच जात नाही. मग ऐकणाऱ्याला काय जातं?

कोरडा_ठणठणीत
निमाताई, त्याला नुसतं विरहाचं गाणं जातं. तरी 'भवतारकु हा कान्हा' ध्रुपदात आहे म्हणून बरंच निभावतं. पण कापायचंच असेल तर मधलं कापा. चंदनाची चोळी ठेवा, आरसा ठेवा, मुद्रा त्याच कडव्यात येते. फुलांची शेज सोडली तरी चालेल, चोळीने तेच सांगितलंय.

निमाताई
शेज सोडू? त्या कडव्याला तर टाळ्या पडतात!

शेवंता
म्हणूनच सोडा.

निमाताई
मंडळातल्या बायकांना विचारते. त्या ऐकतील असं वाटत नाही.